एडिटिंगच्या आधी दोन आकडे

घरी ऑडिओबुक रेकॉर्ड करणारे बरेच जण फाईल उघडली की लगेच चुका कापायला बसतात. अडखळलेली वाक्यं निघतात, खोकला निघतो. शेवटी आवाज वाढवायला जावं, तर मागची पंख्याची घरघरही तितकीच वर येते. ती वर येणार हे काटछाट सुरू करण्याआधीच कळू शकतं.

पहिला आकडा पीकचा, म्हणजे आवाजाच्या सर्वांत उंच टोकाचा. डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये शून्य डेसिबल ही कमाल मर्यादा असते, म्हणून सगळी मोजणी उणे आकड्यांत होते. ऑडॅसिटीत पूर्ण ट्रॅक निवडून `Amplify` उघडा. चौकटीत आपोआप ९ दिसले, तर पीक उणे ९ आहे. आकडा पाहा आणि `Cancel` करा. शून्याला टेकलेली टोकं बहुधा छाटली गेलेली असतात, आणि आवाज कमी करून ती परत येत नाहीत. एखाद्याने फाईल आधीच हळू करून दिली असेल, तर पीक उणे ४ दिसूनही छाट तशीच असते. अशा वेळी ट्रॅक झूम करावा. अनेक लाटांचे माथे एकाच उंचीवर सपाट दिसले, तर रेकॉर्डिंग पुन्हा करावं.

दुसरा आकडा आवाज आणि गोंगाट यांतल्या अंतराचा. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला पाच सेकंद गप्प बसायचं ते यासाठीच. तो शांत तुकडा निवडून `Analyze > Measure RMS` चालवा, मग सलग वाचनाचा तुकडा निवडून पुन्हा चालवा. समजा, शांततेत उणे ५२ आले आणि वाचनात उणे २७. अंतर २५ डेसिबल.

एसीएक्स या ऑडिओबुक सेवेला वाचन उणे २३ ते उणे १८ च्या दरम्यान लागतं, पीक उणे ३ च्या वर चालत नाही आणि गोंगाट उणे ६० च्या खाली हवा. आपलं वाचन उणे २० वर आणायला सात डेसिबल वाढवले, तर गोंगाट उणे ४५ वर जातो. अंतर २५ च राहतं. गोंगाट पंधरा डेसिबलने दाबणारा फिल्टर लावला, तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होण्याची भीती असते.

त्यापेक्षा पंखा बंद करावा आणि माईक ३० सेंटिमीटरवरून १५ वर घ्यावा. अंतर निम्मं झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने वाढतो, म्हणजे वाचन उणे २१ वर येतं. पंख्याविना शांतता उणे ६५ वर उतरली, तर अंतर ४४ होतं. मात्र पीकही उणे ९ वरून उणे ३ पर्यंत चढतं. म्हणून गेन तीन डेसिबलने कमी ठेवावा. त्याने वाचन आणि गोंगाट दोन्ही सारखेच उतरतात, अंतराला धक्का लागत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. काही मोबाईल आणि अ‍ॅप बोलणं थांबलं की आवाज पूर्ण बंद करतात. मग शांततेचा आकडा फारच छान येतो, पण घरघर शब्दांच्या मागे शिल्लकच असते. म्हणून मोजून झाल्यावर हेडफोन लावून शब्दांच्या शेवटाकडे कान द्यावा, आणि मगच कापायला बसावं.