दुसऱ्या टीमसाठी माझं नाव बघाल का?

मार्चमधल्या एका बुधवारी संध्याकाळी भाचीचा फोन आला. खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत तिचे चार राउंड झाले होते आणि त्याच दुपारी रिक्रूटरने फोन करून नकार कळवला होता. रडवेली नव्हती, पण आवाज उतरला होता. "मावशी, कोडिंगचे दोन्ही राउंड खरंच चांगले गेले होते गं. आणि आता त्यांच्याच साइटवर दुसऱ्या टीमची जागा दिसतेय. त्याच रिक्रूटरला विचारलं तर बरं दिसेल का?"

पुण्यात भरती विभागात मी अकरा वर्षं काम केलं. तिकडच्या बाजूला बसून हा प्रश्न मी कितीतरी वेळा ऐकला आहे, आणि त्याहून कितीतरी जास्त वेळा तो विचारलाच न गेलेला पाहिला आहे. विचारण्यात वावगं काहीच नाही. मात्र कधी विचारायचं आणि नेमकं काय मागायचं, हे कळायला रिक्रूटरच्या टेबलावर काम कसं चालतं ते माहीत असावं लागतं.

जाहिरातीवर नाव कंपनीचं असलं तरी जागा एका टीमची असते. त्या टीमचा मॅनेजर वरून जागा मंजूर करून घेतो, तिला एक क्रमांक मिळतो (साइटवर दिसतो तो जॉब आयडी) आणि ती एखाद्या रिक्रूटरच्या नावावर येते. तुमचा अर्ज, प्रत्येक राउंडनंतर मुलाखतकाराने लिहिलेला अभिप्राय, दिलेले गुण, सगळं भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या क्रमांकाखाली साठतं. नकार ठरला की रिक्रूटर यादीतून एक कारण निवडतो आणि त्या जागेपुरता तुमचा अर्ज बंद करतो. शेजारच्या टीमची जागा बहुधा दुसऱ्याच रिक्रूटरकडे असते. तुम्ही मुलाखतीला येऊन गेलात हे त्याच्या गावीही नसतं. "तुमचा रेझ्युमे आम्ही जपून ठेवू" हे रिक्रूटर मनापासून म्हणतो. रेझ्युमे खरोखर जपलेला असतोही. पण हातात वीस जागा भरायच्या असताना जुने अर्ज आपणहून उघडायला कुणाला सवड होत नाही.

सगळीकडे अशीच पद्धत असते असं नाही. गूगलमध्ये इंजिनिअरच्या पदांसाठी मुलाखतींचे अभिप्राय एक समिती वाचते आणि टीम कोणती हे ठरवणं हा वेगळा टप्पा असतो. त्या टप्प्यावर एका टीमशी जुळलं नाही तर दुसऱ्या टीमशी बोलणं हा रिवाजच आहे. अ‍ॅमेझॉनमध्ये मुलाखत घेणाऱ्यांत टीमबाहेरचा एक जण बसतो. त्याला तिथे बार रेझर म्हणतात. उमेदवार कंपनीच्या एकूण पातळीला उतरतो का, हे तो पाहतो. तिथे त्या पातळीवरच नकार आला असेल तर टीम बदलून मागण्यात अर्थ नसतो.

भाचीला मी पहिलं हेच विचारलं: नकार कुठल्या जातीचा आहे? रेझ्युमे पाहूनच नाही म्हटलं असेल तर रिक्रूटरकडे तुमच्याबद्दल सांगण्यासारखं काहीच नसतं. तेव्हा विनंती करत बसण्यापेक्षा दुसऱ्या जागेला सरळ नवा अर्ज करावा. मुलाखतीत पायाच कच्चा निघाला, म्हणजे कोडिंगमध्येच गुण कमी पडले, तर तो नकार बहुतेक ठिकाणी अख्ख्या कंपनीपुरता धरला जातो आणि ठरावीक काळ, साधारण सहा महिने ते वर्षभर, पुन्हा अर्ज करता येत नाही. त्याला कूलिंग पीरियड म्हणतात. तिसरा प्रकार मात्र निराळा. उमेदवार पसंत असतो, पण टीमला हवा तो एखादा अनुभव त्याच्याकडे नसतो. किंवा दोघे शेवटपर्यंत येतात आणि जागा एकच असते. कधी मधेच ती जागाच गोठवली जाते. आपली विनंती कामी येते ती या तिसऱ्या प्रकारात.

कुठला प्रकार हे ओळखायचं कसं? नकाराच्या मेलवरून कळत नाही, कारण तो मजकूर सगळ्यांना एकच जातो. रिक्रूटरने स्वतः फोन केला असेल तर ते चांगलं चिन्ह, पण तेवढ्यावर भिस्त ठेवू नये. सरळ विचारावं. "मला का नाकारलं?" असं विचारलं की रिक्रूटर सावध होतो. कारणं सविस्तर सांगू नयेत अशी अनेक कंपन्यांची ताकीद असते, कारण त्यातून वाद उभे राहतात. त्याऐवजी "हा नकार या पदापुरता आहे, की मला काही काळ कंपनीत अर्जच करता येणार नाही?" असं विचारावं. हा नियमाचा प्रश्न आहे, त्याचं उत्तर द्यायला त्याला अडचण नसते. आणि उत्तर देताना बऱ्याचदा कारणही ओघात सांगून जातो.

भाचीने गुरुवारी सकाळी फोन केला. उत्तर आलं, "या रोलपुरताच आहे. कोडिंगचे अभिप्राय उत्तम आहेत. पण पेमेंटच्या टीमला काफ्कावर प्रत्यक्ष काम केलेलं कुणीतरी हवं होतं." काफ्का म्हणजे सतत वाहत येणारी माहिती एका यंत्रणेकडून दुसरीकडे पोचवणारं सॉफ्टवेअर. भाचीच्या चार वर्षांच्या अनुभवात ते आलेलंच नव्हतं.

आता जागा निवडायची होती. साइटवर तिला जमण्यासारख्या तीन दिसत होत्या. एक डेटा इंजिनिअरिंगची, पण तिच्या वर्णनात काफ्का दुसऱ्याच ओळीत होतं. म्हणजे जिथे अडलं तिथेच पुन्हा अडणार. दुसरी तिच्या अनुभवापेक्षा एक श्रेणी वरची. तिसरी व्यापाऱ्यांच्या हिशेबाची: दिवसभरात आलेले पैसे आणि बँकेने प्रत्यक्ष जमा केलेले पैसे यांचा मेळ घालणारी टीम. जावा आणि एसक्यूएल हवं, श्रेणी पहिल्या पदाचीच. हे मेळ घालण्याचं काम भाची सध्याच्या नोकरीत दोन वर्षं करत होती! पहिल्या जागेसाठी दिलेल्या रेझ्युमेत मात्र ते तळाशी एका ओळीत उरकलेलं होतं.

तिने लिहिलेला पहिला मसुदा मी बाजूला ठेवायला लावला. त्यात होतं, "माझ्या योग्यतेची कुठलीही संधी असल्यास कृपया विचार व्हावा." वाक्य नम्र आहे, पण त्यात सगळं काम रिक्रूटरवर पडतं. संधी त्याने शोधायची, योग्यता त्याने जुळवायची, दुसऱ्या मॅनेजरला पटवायचंही त्यानेच. तो "नक्की, बघतो" म्हणतो आणि पुढच्या कामाला लागतो. मेल असा हवा की वरती एक ओळ लिहून तो तसाच पुढे पाठवता यावा.

शेवटी गेलेला मेल इंग्रजीत होता. त्याचा मजकूर असा:

"काल फोनवर मोकळेपणाने सांगितल्याबद्दल आभार. पेमेंट टीमचा निर्णय समजला. आपल्या साइटवर हिशेब-मेळाच्या टीमची जागा आहे, तिचा जॉब आयडी खाली दिला आहे. सध्याच्या नोकरीत मी दोन वर्षं हेच काम करते आहे: तीन बँकांच्या रोजच्या फाइली जावा आणि एसक्यूएल वापरून ताडून पाहणं आणि न जुळलेल्या नोंदी शोधणं. त्या कामाचा तपशील असलेला सुधारलेला रेझ्युमे सोबत आहे. ही जागा ज्यांच्याकडे आहे त्या सहकाऱ्यांकडे माझं नाव आणि आधीच्या कोडिंग राउंडचे अभिप्राय आपण पाठवू शकाल का? की मी वेगळा अर्ज करावा? माझा नोटीस पीरियड 60 दिवसांचा आहे."

यात पहिल्या निर्णयाबद्दल तक्रार नाही. जागा एकच आहे, क्रमांकासहित. आणि सगळ्यात मोलाची ओळ म्हणजे आधीचे अभिप्राय पाठवण्याची. मुलाखत घ्यायची तर टीममधल्या माणसाचा तास जातो, नंतर अभिप्राय लिहायला वेळ लागतो तो वेगळाच. कोडिंगचे दोन राउंड झालेले आणि चांगले झालेले असतील तर दुसऱ्या मॅनेजरचे ते तास वाचतात. रिक्रूटरलाही जागा लवकर भरायची असते. तुमची विनंती मान्य होते ती बहुधा या वाचलेल्या वेळामुळे. म्हणून नकारानंतर दोन-तीन दिवसांतच लिहावं. तेव्हा तुमचं नाव रिक्रूटरच्या ध्यानात असतं. दोन महिन्यांनी तेच अभिप्राय शोधून काढावे लागतात, आणि नवा मॅनेजर ते जुने म्हणून पुन्हा सगळे राउंड घेऊ शकतो.

शुक्रवारी मेल पुढे गेला. नव्या मॅनेजरने कोडिंगचे राउंड पुन्हा घेतले नाहीत. सिस्टिम डिझाइनचा एक आणि स्वतःशी गप्पांचा एक, असे दोनच घेतले. तीन आठवड्यांनी भाचीला ऑफर लेटर आलं.

हे बिघडतं कुठे, तेही पाहिलं आहे. एका मुलाने नकाराच्या रात्रीच त्याच कंपनीच्या अकरा जागांना अर्ज टाकले. रिक्रूटरच्या पडद्यावर उमेदवाराचे सगळे अर्ज एकाखाली एक दिसतात. टेस्टिंगपासून प्रॉडक्ट मॅनेजमेंटपर्यंतची ती यादी पाहून याला नेमकं काय करायचं आहे हेच कुणाला उमगेना. दुसरी चूक म्हणजे रिक्रूटरला मागे टाकून नव्या मॅनेजरला परस्पर लिंक्डइनवर गाठणं. मॅनेजर बहुधा तो निरोप रिक्रूटरकडेच पाठवतो, आणि तो रिक्रूटर मग आपल्याविषयी मनापासून बोलत नाही.

आपल्याकडे अनेकांची मुलाखत कन्सल्टन्सीमार्फत होते. तिथे गणित बदलतं. कन्सल्टन्सीला मोबदला मिळतो तो उमेदवार रुजू झाल्यावर, आणि तिने तुमचं नाव कंपनीला दिल्यावर काही महिने, करारानुसार वर्षभरसुद्धा, तुम्ही तिचे उमेदवार मानले जाता. त्या काळात तुम्ही दुसऱ्या टीमसाठी थेट किंवा मित्राच्या रेफरलने अर्ज केलात तर नाव दोनदा येतं आणि मोबदला कुणाचा या वादात अर्जच अडकून पडतो. तेव्हा आधी कन्सल्टन्सीच्या माणसालाच जॉब आयडी देऊन विचारावं, "ही जागा तुमच्याकडे आहे का?" नसेल तर कंपनीला थेट अर्ज केला तर चालेल का, याचं उत्तर त्याच्याकडून मेलवर घ्यावं.

आणि उत्तरच आलं नाही तर? आठवड्याने एकदा दोन ओळींची आठवण करावी. त्यावरही काही आलं नाही तर तिसरा मेल पाठवू नये. मात्र कंपनीचा कूलिंग पीरियड किती, तो कुठल्या तारखेपासून मोजतात आणि सगळ्या टीमना लागू आहे का, हे पहिल्याच फोनवर विचारून लिहून ठेवा. रिक्रूटर नोकरी बदलून जातात, ती तारीख भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये तशीच राहते.