महागाई घटली, पण भाव वाढले

१२ ऑगस्ट २०२४ च्या संध्याकाळी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचे मासिक प्रसिद्धिपत्रक आले आणि मथळे झळकले: जुलैची किरकोळ महागाई ३.५४ टक्के, जवळपास पाच वर्षांतील नीचांक. जूनमध्ये ती ५.०८ टक्के होती. भाजीची पिशवी घेऊन नुकत्याच घरी आलेल्या माणसाला हा आकडा थट्टेचा वाटला असेल. तरी आकडा खोटा नव्हता. त्याच पत्रकातल्या निर्देशांकाच्या तक्त्याकडे मात्र फार थोड्यांनी पाहिले.

त्या तक्त्यात ग्राहक किंमत निर्देशांक जुलैसाठी १९२.९ होता. तेव्हाच्या मालिकेचे आधारभूत वर्ष २०१२ होते. म्हणजे सरासरी कुटुंबाची जी खरेदी २०१२ मध्ये १०० रुपयांत होत असे, तिला जुलै २०२४ मध्ये १९२ रुपये ९० पैसे लागत होते. जूनचा निर्देशांक १९०.२ होता. एका महिन्यात १.४ टक्के वाढ, ही लहान वाढ नव्हे. पिशवीवाल्याचे बरोबरच होते.

मग महागाईचा दर उतरला कसा? कारण हा दर गेल्या महिन्याशी नव्हे, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करून काढतात. जुलै २०२३ चा निर्देशांक १८६.३ होता. १९२.९ ला १८६.३ ने भागले की १.०३५४ येतात, म्हणजे ३.५४ टक्के. आता २०२३ चा तो जुलै आठवा. टोमॅटोने शंभरी कधीच ओलांडली होती आणि एकट्या त्या महिन्यात निर्देशांक १८१.० वरून १८६.३ वर, म्हणजे जवळजवळ तीन टक्के चढला होता. तुलनेची पायरीच उंच झाल्याने २०२४ ची १.४ टक्के चढण बुटकी दिसली. अर्थतज्ज्ञ याला ‘बेस इफेक्ट’ म्हणतात. इथला बेस म्हणजे गेल्या वर्षीचा महिना; आधारभूत वर्षाशी त्याचा संबंध नाही. बातम्यांत या दोहोंची सर्रास गल्लत होते.

हीच गंमत दोन महिन्यांनी उलटी झाली. २०२३ मध्ये टोमॅटो उतरल्यावर सप्टेंबरचा निर्देशांक १८४.१ वर आला होता. २०२४ मध्ये ऑगस्ट ते सप्टेंबर निर्देशांक १९३.० वरून जेमतेम १९४.२ झाला, तरी महागाई दर ३.६५ वरून थेट ५.४९ टक्क्यांवर गेला. तुलनेची पायरी खचली होती, एवढेच. (हे सगळे पहिल्या, हंगामी पत्रकांतले आकडे आहेत. पुढच्या महिन्यात ते किंचित बदलतात, आणि तो बदल सहसा कुणी छापत नाही.)

टोमॅटोसारखी एक भाजी एवढ्या मोठ्या आकड्याला हलवते कशी, याचे उत्तर भारांकात आहे. कुटुंबांच्या खर्चाच्या पाहणीतून प्रत्येक वस्तूचा वाटा ठरतो. त्या मालिकेत शंभरपैकी टोमॅटोचा वाटा सुमारे ०.५७ होता, सगळ्या भाज्यांचा ६.०४. टोमॅटो तिप्पट महागला, म्हणजे २०० टक्के वाढला, तर ढोबळ हिशेबाने ०.५७ ची दोनशे टक्के, म्हणजे महागाई दरात एक टक्क्याहून थोडी जास्त भर. वाटा चिमूटभर असला तरी झेप प्रचंड असली की असे होते. उलट घरभाड्यासारखा खर्च वर्षाला तीन-चार टक्केच वाढतो, पण त्याचा वाटा दहा टक्क्यांचा, म्हणून तो गाजावाजा न करता आकडा धरून ठेवतो.

पत्रकात ग्रामीण आणि शहरी असे वेगळे रकाने असतात, आणि मला ते राष्ट्रीय आकड्यापेक्षा अधिक बोलके वाटतात. त्याच जुलै २०२४ मध्ये ग्रामीण महागाई ४.१० टक्के, तर शहरी २.९८ टक्के होती. याचे एक मोठे कारण भारांकाचे आहे. अन्न व पेयांचा वाटा ग्रामीण टोपलीत ५४ टक्क्यांहून अधिक, शहरी टोपलीत ३६ टक्क्यांच्या आसपास होता. त्या महिन्यात खाद्यपदार्थांची महागाई ५.४२ टक्के होती, एकूण दरापेक्षा बरीच जास्त. जिथे खर्चात अन्नाचा वाटा मोठा, तिथे तिचा चटका अधिक. तुमच्या घरात निम्मा पगार भाड्यात किंवा शाळेच्या फीत जात असेल, तर यातला एकही रकाना तुमचा नाही.

भारांक जुने झाले की हिशेब बिघडतो. २०१२ च्या मालिकेचे वाटे २०११-१२ च्या पाहणीतून आले होते आणि दशक उलटून गेल्यावरही तेच चालू होते, तोवर घराघरांत मोबाइलचा डेटा आणि दवाखान्याचा खर्च वाढून बसला. फेब्रुवारी २०२६ पासून २०२४ हे आधारभूत वर्ष असलेली नवी मालिका आली. तिच्यात अन्नाचा वाटा सुमारे ४६ वरून ३७ टक्क्यांच्या आसपास आला आहे. त्यामुळे टोमॅटोच्या चढउताराने एकूण दर पूर्वीइतका उसळणार नाही. बाजारात मात्र टोमॅटो तितकाच महाग असेल. नवा निर्देशांक शंभरीच्या आसपास सुरू होतो, म्हणून तो जुन्या १९२.९ शेजारी ठेवून स्वस्ताई झाली असे कुणी म्हणू लागले, तर आधी त्याला दोन्ही आकड्यांची आधारभूत वर्षे विचारावीत.