कुलूप ओढून बघणारी

बायकोच्या वाढदिवसाला फोटोखाली चार ओळी लिहायच्या म्हणून मी आदल्या आठवड्यात बसलो आणि पहिल्या झटक्यात लिहिलं: ‘माझ्या आयुष्याला अर्थ देणाऱ्या, प्रेमळ, समजूतदार, सुंदर सहचारिणीला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!’ दुसऱ्या दिवशी वाचलं तेव्हा लक्षात आलं, की यातलं एकही विशेषण खोटं नाही, पण तिचं नाव काढून शेजारच्या वहिनींचं घातलं तरी मजकुराला काही फरक पडत नाही. लग्नात तोंडावर आलेल्या उखाण्याचंही असंच असतं. यमक जुळलेलं तयार असतं, नाव आपण शेवटी बसवतो. उखाण्यात ते शोभतं, कारण तिथे सगळ्यांसमोर नाव घेणं हाच सोहळा असतो. इथे मात्र नाव घेऊन झालेलं असतं आणि माणूस दाखवायचा राहिलेला असतो.

मग मी विशेषणं सोडून क्रियापदांकडे वळलो. ‘प्रेमळ’ म्हटलं की डोळ्यांसमोर काही येत नाही. ‘ओढून बघतेस’ म्हटलं की हात दिसतो. मराठीत सवय सांगायला ‘करतेस, ठेवतेस, विचारतेस’ ही साधी रूपं पुरतात आणि त्यांतच ‘रोज’ आपोआप येतं. चार दिवस मी फोनमध्ये फक्त तिची क्रियापदं टिपत गेलो. आठवून लिहायला गेलो असतो तर सहली आणि समारंभच आठवले असते. सवयी बघूनच टिपाव्या लागतात, कारण त्या इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात की आपल्यालाही दिसेनाशा होतात.

चार दिवसांत अकरा नोंदी झाल्या, त्यातल्या आठ मी खोडल्या. खोडताना जे कळलं ते लिहिण्यापेक्षा जास्त मोलाचं होतं. ‘सकाळी उठून माझा डबा करतेस’ ही नोंद गेली, कारण ती वाचताना ती दिसत नव्हती, तिचं काम दिसत होतं आणि त्या वाक्याच्या मध्यभागी मी बसलो होतो. कष्टांचे आभार जरूर मानावेत, पण ते घरात, तोंडाने आणि निम्मा डबा स्वतः भरून. ‘निघाले निघाले म्हणत अर्धा तास आरशासमोर’ हेही गेलं. त्यावर मित्र हसले असते, आणि वाढदिवसाच्या दिवशी लोकांनी तिला हसावं हे मला नको होतं. आणखी एक सवय फार गोड होती, पण ती आम्हा दोघांतलीच. एका ओळीबद्दल शंका होती. तिला सहज विचारलं, ‘हे चारचौघांत सांगितलं तर चालेल?’ ती म्हणाली, ‘नको.’ तीही गेली. राहिल्या त्या अशा सवयी, ज्या ती कुणासाठी म्हणून करत नाही. ती तशी आहे म्हणून करते.

क्रमही मग बदलला. इन्स्टाग्रामवर कॅप्शनला २,२०० अक्षरांची मुभा असली, तरी उघडण्याआधी सुरुवातीच्या एकदोन ओळीच दिसतात. तिथेच ‘हार्दिक शुभेच्छा’ लिहिल्या तर तिची ओळ आत दडून राहते. म्हणून सवय आधी आणि वाढदिवस शेवटी. ‘ही आमची’ म्हणून लोकांना सांगायचं की ‘तू’ म्हणून तिच्याशी बोलायचं, यावरही अडलो. ‘ही’ लिहिलं की ओळख करून दिल्यासारखं वाटलं. ‘तू’ ठेवलं आणि आवाज घरातला झाला. स्टुडिओतला नटलेला फोटो बाजूला ठेवून जिन्यातला, पाठमोरा, खांद्यावर पिशवी असलेला निवडला, कारण मजकूर जिन्याबद्दलच होता.

सगळ्यात जास्त वेळ शेवटच्या वाक्याने खाल्ला. सवयी सांगून झाल्यावर हात आपोआप ‘अशीच हसत राहा’कडे जातो, आणि तिथे सगळी मेहनत परत उखाण्यात विरघळते. मी ते तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. शेवटी स्वतःला विचारलं, की ती कुलूप बघायला परत वर जाते तेव्हा मी काय करत असतो? उत्तर मिळालं आणि शेवटही मिळाला. टाकलं ते असं:

‘कुलूप लावून चार पायऱ्या उतरलीस की तू परत वर जातेस आणि ते एकदा ओढून बघतेस. दुधाची पिशवी कापताना तिचं टोक कधी पूर्ण तुटू देत नाहीस. आईशी फोनवर बोलता बोलता दारातल्या सगळ्या चपला जोडीने लावतेस आणि फोन ठेवल्यावर विचारतेस, चपला कुणी लावल्या? आज तुझा वाढदिवस. संध्याकाळी बाहेर जाऊ तेव्हाही मी चौथ्या पायरीवर थांबलेला असेन. सावकाश ये.’