निधनाची जाहिरात ५६ शब्दांवरून ३३ वर, पण ‘ता. तुळजापूर’ काढू नका

जळकोट : घरात दुःखाचा प्रसंग, त्यात पेपरला निधनाची जाहिरात द्यायची घाई. छोट्या जाहिरातीचे पैसे शब्दांवर लागत असतील तर कोणते शब्द काढायचे आणि कोणते अजिबात काढायचे नाहीत, हे उदाहरणाने पाहू. नावे काल्पनिक आहेत. समजा निधन मंगळवारी, १० जूनला झाले. अंत्यविधी त्याच संध्याकाळी आहे, त्याचा निरोप फोनवर गेला. पेपर बुधवारी येणार, म्हणून जाहिरातीत राख सावडण्याची वेळ द्यायची. घरच्यांनी लिहिले :

“कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आमचे परमपूज्य वडील, जळकोट येथील प्रगतशील शेतकरी माणिक गोविंद शिंदे यांचे आज सकाळी वयाच्या ७८व्या वर्षी राहत्या घरी वृद्धापकाळाने दुःखद निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी सुमन, मुलगा दत्ता, सून रेखा, मुलगी सौ. लता पवार (अणदूर) व नातवंडे असा मोठा परिवार आहे. राख सावडण्याचा विधी परवा सकाळी ठीक आठ वाजता शेतात होईल.”

हे ५६ शब्द झाले. ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की’, ‘परमपूज्य’, ‘दुःखद’, ‘असा मोठा परिवार आहे’ हे शब्द काढले तरी पाहुण्यांना कळायचे ते कळतेच. ‘वयाच्या ७८व्या वर्षी’ऐवजी कंसात (७८) पुरते. नीट केलेला मजकूर असा :

“माणिक गोविंद शिंदे (७८), रा. जळकोट, ता. तुळजापूर, यांचे मंगळवारी निधन. पत्नी सुमन, मुलगा दत्ता, सून रेखा, मुलगी लता पवार (अणदूर), नातवंडे. राख सावडणे गुरुवारी १२ जूनला सकाळी ८ वाजता, नळदुर्ग रस्त्यालगत, शेतात.”

आता ३३ शब्द राहिले. यात काही शब्द मुद्दाम वाढवले आहेत. पहिल्या मजकुरात ‘आज’ आणि ‘परवा’ होते. मंगळवारी लिहिताना ते बरोबर होते, पण बुधवारी पेपर हातात घेणाऱ्यासाठी ‘परवा’ म्हणजे शुक्रवार. लांबचा पाहुणा एक दिवस उशिरा पोहोचला असता. म्हणून वार आणि तारीख दोन्ही लिहा.

‘ता. तुळजापूर’ही तसेच. लातूर जिल्ह्यातही जळकोट आहे, ते तर तालुक्याचे गाव. दोन्ही गावांत शंभर किलोमीटरहून जास्त अंतर आहे. दोन शब्द वाचवायला गेले तर पाहुणे भलत्याच जळकोटला जायचे.

लेकीचे सासरचे आडनाव आणि गावही ठेवा. तिकडचे लोक माणिकरावांना नाही, लताबाईंनाच ओळखतात. वडिलांचे नावही ठेवा. गावात एकाच नाव-आडनावाची दोन माणसे असू शकतात.

मजकूर देण्याआधी दर शब्दांवर आहे की कॉलम सेंटीमीटरवर, हे विचारून घ्या. सेंटीमीटरवर असेल तर एखादा शब्द काढून काही वाचत नाही, अख्खी ओळ कमी झाली तरच फरक पडतो. ‘रा.’, ‘ता.’ हे वेगळे शब्द मोजतात का, तेही विचारा. मजकूर फोनवर तोंडी सांगू नका, व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. छापण्याआधी घरातल्या दुसऱ्या माणसाकडून नावे, वार आणि वेळ वाचून घ्या.