गटारीचं मटण किती शिजवायचं?

हॉटेलच्या भाषेत एक कव्हर म्हणजे बसून जेवलेला एक माणूस. बिलं मोजून हा आकडा मिळत नाही, कारण एका बिलावर दोघं जेवतात, तसे आठही जेवतात. बिलिंग मशीनमध्ये माणसांचा आकडा भरायची सोय असते, पण घाईच्या वेळी वेटर तिथे सरसकट १ टाकून मोकळा होतो. एक कव्हर आणि तीन थाळ्या असं बिल दिसलं की नोंद चुकली हे उघड होतं. अंदाज बांधायला बसण्याआधी अशी बिलं थाळ्यांच्या संख्येवरून दुरुस्त करावी लागतात.

समजा, पुण्यातल्या एका मटण खानावळीला बुधवार, २३ जुलै २०२५ ची तयारी करायची आहे. सुरुवात मागच्या सहा बुधवारांपासून होते: १४२, १५०, १३८, ९६, १४६, १४४. बुधवारची तुलना बुधवारशीच करायची, कारण सोमवार, गुरुवार आणि शनिवारी न खाणारे बरेच असतात. ९६ च्या दिवशी पावसानं रस्ता तुंबला होता, म्हणून तो आकडा बाजूला ठेवला. उरलेल्या पाचांची सरासरी १४४ येते.

पण हा बुधवार साधा नाही. गुरुवारी २४ तारखेला आषाढ अमावास्या आणि शुक्रवारपासून श्रावण. गटारीचा अंदाज इंग्रजी तारखेवरून बांधला तर फसतो. २०२४ मध्ये ही अमावास्या ४ ऑगस्टला, तीही रविवारी आली होती. म्हणजे जुनी नोंद शोधायची ती तिथीनं, आणि त्यावर वाराचा हिशेब पुन्हा करायचा.

त्या रविवारी वहीत २४८ कव्हर दिसतात. हा आकडा मात्र खरी मागणी सांगत नाही. रात्री सव्वानऊला मटण संपलं आणि पुढची माणसं दारातूनच परत गेली. वहीत विक्री असते, परत गेलेलं गिऱ्हाईक नसतं. एरवी रविवारी त्या वेळेपर्यंत दिवसाची ८० टक्के माणसं जेवून गेलेली असतात. तेव्हा २४८ ला ०.८ नं भागलं की ३१० येतात. नेहमीचा रविवार २०० चा, म्हणजे गटारीची मागणी दीडपटीहून थोडी जास्त, १.५५ पट. पदार्थ संपल्याची वेळ लिहून ठेवली नसती तर हा हिशेब मांडताच आला नसता, आणि यंदाही मटण तितकंच कमी पडलं असतं.

१४४ ला १.५५ नं गुणलं तर २२३ होतात. इथे थोडं आवरायला हवं. अमावास्या गुरुवारी असल्यानं गटारी आधीचा रविवार आणि बुधवार अशी वाटली जाणार, शिवाय बुधवारी दुपारी लोक कचेरीत असतात. म्हणून १.३५ धरले, आणि अंदाज आला साधारण १९५. हे १.३५ कुठल्या सूत्रातून आलेलं नाही, मालकाच्या अनुभवातून आलं आहे. वहीत मात्र ते कारणासकट लिहायचं.

जवळच्या कार्यक्रमांचा परिणाम बहुधा एकूण आकड्यापेक्षा वेळेवर होतो. शेजारच्या नाट्यगृहात रात्री साडेनऊचा प्रयोग असला तर गर्दी आठलाच येते आणि नऊनंतर टेबलं ओस पडतात. पालखी किंवा विसर्जनाला रस्ते बंद झाले तर माणसं समोरून लाखोंनी जातात, पण गाडीनं येणारं नेहमीचं गिऱ्हाईक येत नाही.

आता कव्हरांचं मटण करायचं. शंभरात साठ जण मटण थाळी घेत असतील तर १९५ मागे ११७ थाळ्या होतात. थाळीला २०० ग्रॅम कच्चं मटण धरलं की २३.४ किलो लागतं. भाकरी ऑर्डरप्रमाणे थापली जाते आणि सुकं वाटण फ्रीजमध्ये टिकतं, त्यामुळे तिथे अंदाज थोडा चुकला तरी निभावतं. खरी जोखीम शिजवलेल्या मटणाची. म्हणून १६ किलो आधी शिजवायचं आणि उरलेलं हळद-मीठ लावून फ्रीजमध्ये ठेवायचं. मटण शिजायला तासभर लागतो, तेव्हा दुसऱ्या पातेल्याचा निर्णय आठच्या आत व्हायला हवा. एरवी बुधवारी आठपर्यंत दिवसाची निम्मी माणसं येऊन जात असतील, तर त्या वेळी शंभराच्या आसपास कव्हर झाले असले की दुसरं पातेलं चढवायचं. सत्तरच असतील तर अर्धंच.

आधल्या रविवारी मटण उरलं तर सोमवार-मंगळवारी थोडंफार खपतं. या बुधवारी उरलं तर पुढे गुरुवार, आणि त्यानंतर श्रावणाचा अख्खा महिना. त्यामुळे रविवारी दोन किलो जास्त आणलेलं परवडतं, बुधवारी दोन किलो कमीच बरं, मग शेवटच्या चार-पाच टेबलांना चिकन थाळी घ्या म्हणावं लागलं तरी चालेल.

रात्री गल्ला मोजताना वहीत पाच गोष्टी चढतात: अंदाज १९५, प्रत्यक्ष कव्हर, मटण संपल्याची वेळ, उरलेले किलो आणि पाऊस. ओळीनं चार-पाच आठवडे अंदाज जास्तच निघत असेल, तर सरासरीत कुठला तरी जुना गर्दीचा दिवस अडकलेला असतो.