मीटिंग रद्द, पण कधीपासून?

भोसरीतल्या एका कारखान्यात गुरुवारी सकाळी 11 वाजता मीटिंग ठरलेली आहे. समोरचा पुरवठादार कोल्हापूरहून येणार आहे. सकाळी सव्वासहाला खरेदी विभागाच्या मॅनेजरला वरून फोन येतो: आज कस्टमरची ऑडिट टीम येतेय, दिवसभर कुणालाच सवड नाही.

मॅनेजरच्या हिशेबाने मीटिंगला अजून पावणेपाच तास आहेत. कोल्हापूरकरांच्या हिशेबाने मात्र जेमतेम पंधरा मिनिटं. कोल्हापूर ते पुणे म्हणजे महामार्गाने सव्वादोनशेच्या वर किलोमीटर. 11 ला पोचायचं तर साडेसहाला गाडी काढावीच लागते. ऐनवेळी म्हणजे किती आधी, हे मीटिंगच्या वेळेवरून नाही, समोरचा घरातून कधी निघतो त्यावरून ठरतं. ऑफिसात नऊला पोचून सावकाश ईमेल टाकणाऱ्यांच्या हे गावीही नसतं. नऊला पाहुणे साताऱ्याच्या पुढे आलेले असतात.

म्हणून आधी फोन. गाडी चालवणारा माणूस मेसेज वाचत नाही, आणि वाचूही नये. फोन लागला नाही तर बरोबर येणाऱ्या दुसऱ्या माणसाला करायचा. बोलणं झालं की मग लेखी मेसेज, कारण नवी वेळ फोनवर ऐकली तरी ती शोधायला माणूस पुढे व्हॉट्सॲपच उघडतो:

“नमस्कार साहेब. आज सकाळी 11 ची मीटिंग रद्द करावी लागतेय. अचानक कस्टमर ऑडिट लागलं आहे. तुमची निघायची तयारी झाली असेल, त्याबद्दल मनापासून माफी. उद्या शुक्रवारी दुपारी 3 किंवा सोमवारी सकाळी 11, यातलं काय जमेल? उद्या अवघड असेल तर व्हिडिओ कॉलवरही चालेल.”

यात रद्द झाल्याची बातमी पहिल्याच ओळीत आहे. नोटिफिकेशनमध्ये सुरुवातीचे काही शब्दच दिसतात. तिथे ‘आशा आहे आपण कुशल असाल’ आलं, तर गाडी निघालीच म्हणून समजा. कारण एका वाक्यात आहे. लांबलचक कारण ऐकणाऱ्याला उलट बनावट वाटू लागतं. माफीही एकदाच आहे, पण ती त्यांच्या खोळंब्याची आहे. ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ ही पाटी पाण्याच्या टाकीच्या सफाईलाही लागते आणि बंद लिफ्टलाही, त्यामुळे ती कुणाला लागू पडत नाही.

खरी गोची नव्या वेळेची असते. ‘नंतर कळवतो’ किंवा ‘बघू पुढच्या आठवड्यात’ याचा अर्थ आपल्याकडे बऱ्याचदा ‘नको’ असाच घेतला जातो. 2019 च्या ऑगस्टमध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी ग्रीनलँडच्या विक्रीवरून डेन्मार्कच्या पंतप्रधान मेटे फ्रेडरिक्सन यांच्याबरोबरची भेट ट्विट करून लांबणीवर टाकली. भेट पुढे कधीतरी होईल असं त्यात होतं, तारीख नव्हती. जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याची बातमी दौरा रद्द अशीच दिली. उलट ‘तुम्हाला केव्हा जमेल?’ असं विचारणं दिसायला नम्र, पण त्यात सगळं काम समोरच्याच्या गळ्यात पडतं. दोन ठोस वेळा दिल्या की त्याला फक्त एक निवडायची असते.

गाडी निघालीच असेल तर? तेव्हा मीटिंग रद्द न केलेलीच बरी. दर आणि डिलिव्हरीचं बोलणं हाताखालचा माणूस उरकू शकतो. साहेबांच्या सहीचं तेवढं मागाहून.

पुण्यातल्या आयटीवाल्यांची अडचण वेगळी. न्यूयॉर्कची सकाळी साडेनऊची वेळ उन्हाळ्यात इथे संध्याकाळचे 7 असते, पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे गेली की तीच रात्रीचे 8 होते. ऑक्टोबरअखेरीची मीटिंग पुढच्या आठवड्यात ढकलताना दोन्हीकडची वेळ लिहावी लागते. शिवाय कॅलेंडरमधलं जुनं आमंत्रण उडवून नवं करण्याऐवजी त्यातलीच वेळ बदलली, तर माणसांची यादी आणि जोडलेल्या फाइली जागच्या जागी राहतात.

कोल्हापूरचं उत्तर आलं, ‘सोमवार चालेल’. एवढ्यावर मॅनेजरचं काम संपत नाही. निळ्या टिकांवर न थांबता त्याने हे उत्तर मागून घेतलं ते बरंच केलं, पण गेटवर पाहुण्यांचा पास अजून गुरुवारचाच आहे. सिक्युरिटीला सोमवारचा पास आणि गाडीचा नंबर कळवला नाही, तर तेच पाहुणे चार दिवसांनी गेटवर उभे राहणार, आणि आत फोन करून विचारल्यावर रिसेप्शनवरून उत्तर येणार, ‘त्यांची मीटिंग तर रद्द झालीय’.