पैसे गेले, पण पोहोचले नाहीत

भंडारा जिल्ह्यातलं चिखला हे मॉयलच्या भूमिगत मँगनीज खाणीचं गाव. मध्य प्रदेशाची सीमा जवळ, त्यामुळे मराठी आणि हिंदी दोन्ही कानावर पडतात. इंग्रजी मोबाइलच्या पडद्यावरून येते. अशा गावासाठी नेट बँकिंगची प्रश्नोत्तरं तीन भाषांत लिहायची, तर सुरुवात ‘आयएमपीएस म्हणजे काय’ इथून करू नये, असं मला वाटतं. अडलेल्या माणसाला आधी विचारावं : खात्यातून पैसे गेले का?

उत्तर ‘नाही’ असेल तर बहुतेकदा मर्यादा आडवी आलेली असते. आयएमपीएसने एका वेळी 5 लाखांपर्यंतच पाठवता येतात, आरटीजीएस 2 लाखांच्या खाली चालत नाही, आणि नव्याने जोडलेल्या खात्यासाठी अनेक बँका सुरुवातीला आपली मर्यादा कमी ठेवतात. पैसे जागीच असतात.

उत्तर ‘हो’ असेल तर दुसरा प्रश्न : व्यवहार तुम्हीच केला होता का?

समजा, एका खाण कामगाराने शनिवारी संध्याकाळी नागपुरात शिकणाऱ्या मुलीला आयएमपीएसने 8,000 रुपये पाठवले. त्याच्या बँकेने रक्कम वजा केली, एनपीसीआयच्या यंत्रणेमार्फत निरोप मुलीच्या बँकेला गेला, पण उत्तर परत आलंच नाही. किती विलक्षण अवस्था आहे ही! पैसे पोहोचले की नाही, हे खुद्द पाठवणाऱ्या बँकेलाही त्या क्षणी ठाऊक नसतं. नोंदी ताडून पाहिल्यावरच उलगडा होतो. म्हणून लगेच दुसऱ्यांदा पाठवू नये, नाहीतर दोन्ही रकमा पोहोचू शकतात.

मुलीच्या खात्यात जमा झाले नसतील, तर रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमाप्रमाणे पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत, म्हणजे रविवारपर्यंत, आपोआप परत यायला हवेत. ते बुधवारी आले, तर तीन दिवसांच्या उशिराचे दररोज 100 प्रमाणे 300 रुपये बँकेने तक्रारीची वाट न पाहता जमा करायचे असतात.

आता तोच शनिवार, तेच 8,000, पण व्यवहार त्याने केलेलाच नाही. इथे मुदत ग्राहकाला पाळावी लागते. 2017 च्या परिपत्रकानुसार चूक बँकेची नसेल आणि ग्राहकाचीही नसेल, तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास त्याचं नुकसान शून्य. संदेशाचा दिवस आणि रविवार मोजायचा नाही. मधे सुट्टी नसेल तर मुदत बुधवारी संपते. त्याने स्वतःच ओटीपी दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच.

अडकलेल्या आठ हजारांसाठी माणूस इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’ शोधतो आणि नेमका ठगाच्या नंबरवर पोहोचतो. त्यामुळे पहिल्या उत्तराखालीच, तिन्ही भाषांत, ठळक असावं : पैसे परत यायला ओटीपी किंवा पिन लागत नाही; कुणी मागितला आणि दिला गेला, तर त्याच मिनिटाला बँकेला कळवा आणि 1930 वर फोन करा.